तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कात्री, मग झूम

«ताई, तुमच्या व्हिडिओत कुठे बघायचं ते आपोआप कळतं. मीही झूम करते, कर्सरला पिवळा गोल लावते, तरी माझं रेकॉर्डिंग बघताना गरगरतं. नेमकं काय चुकतं?»

बहुतेक वेळा क्रम चुकतो. रेकॉर्डिंग उघडलं की हात आधी झूमकडे जातो, कारण त्याचा परिणाम लगेच दिसतो. मग वीस-पंचवीस झूम लावून झाले की आपण मधले रिकामे तुकडे कापायला बसतो. एखादा काप झूम चालू असतानाच पडतो आणि चित्र अर्ध्यातून उडी मारतं. गरगरायला एवढं पुरतं. म्हणून मी आधी फक्त कापते. सगळं कापून झाल्याशिवाय झूमला हात लावत नाही.

परवाचंच उदाहरण घ्या. एक्सेलमध्ये ड्रॉपडाउन यादी कशी करायची, एवढाच विषय. रेकॉर्डिंग सात मिनिटांचं, तयार व्हिडिओ चार मिनिटांच्या आतला. कापायच्या आधी शांतता कुठे कुठे आहे याचा नकाशा काढते. त्यासाठी ffmpeg या साधनाची टर्मिनलमध्ये लिहायची ही एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i rec.mp4 -af silencedetect=noise=-35dB:d=1.2 -f null -
```

ही आज्ञा काहीही कापत नाही. सव्वा सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून जास्त आवाज नाही अशा जागांच्या फक्त वेळा सांगते. तुमच्या खोलीत पंख्याचा आवाज असेल तर -35 वर काहीच सापडणार नाही. मग -30 करून बघा.

एका बटणात सगळी शांतता कापून देणारी सोय बऱ्याच एडिटरमध्ये असते. मी ती वापरत असे, आणि एकदा चांगलीच फसले. मराठी वाक्याचा जीव शेवटच्या क्रियापदात असतो आणि नेमकं तेच आपण आवाज खाली सोडून म्हणतो. मी म्हटलं होतं, «इथे OK दाबायचं... नाही, आधी Source भरायचं.» विचार करता करता ‘नाही’ इतकं हळू निघालं की यंत्राने ते शांततेत धरलं. व्हिडिओत राहिलं, «इथे OK दाबायचं, आधी Source भरायचं.» तीन जणांनी ओके दाबून पाहिलं आणि काही होत नाही म्हणून मला कळवलं. तेव्हापासून प्रत्येक काप हाताने, आणि शब्द संपल्यावर पाव सेकंद तरी मोकळा सोडून. ‘आहे’मधला ‘हे’ ऐकू आला पाहिजे, ही माझी खूण.

शिवाय शांतता म्हणजे वाया गेलेला वेळ असंही नाही. यादी तयार झाली, सेलच्या कडेला छोटा बाण आला. तिथे मी रेकॉर्डिंग करताना दीड सेकंद गप्प होते आणि तो दीड सेकंद तसाच ठेवला. बघणाऱ्याला तो बाण शोधायला तेवढा वेळ लागतोच. कापायचं ते माझं चाचपडणं: चुकीच्या टॅबवर जाणं, परत येणं, «एक मिनिट हं». फाइल उघडायला बराच वेळ लागत असेल तर फिरणाऱ्या चक्राचा पहिला आणि शेवटचा सेकंद ठेवते, मधलं उडवते आणि तोंडाने सांगते की इथे थोडं थांबावं लागेल. नाहीतर तिकडे चक्र फिरत बसलं की लोकांना वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं.

कापल्यावर कर्सर एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवतो, ही खरी डोकेदुखी. बोलणं जुळतं, पण डोळा अडखळतो. यावर एक सोपी युक्ती आहे: खिडकी उघडते किंवा टॅब बदलतो त्या क्षणी कापायचं. सगळा पडदाच बदलत असतो, त्यामुळे कर्सरची उडी कुणाच्या लक्षात येत नाही. आणि रेकॉर्ड करताना चूक झाली तर कर्सर आधीच्या जागी नेऊन वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. पुढचं अर्ध्या तासाचं काम वाचतं.

आता झूम. त्या सात मिनिटांच्या कामात मी फक्त चार झूम ठेवले. पहिल्यांदा पूर्ण पडदा दाखवला, `Data` टॅब वर कुठे आहे ते दिसू दिलं आणि मगच जवळ गेले. आधीच जवळ गेलात तर बटण दिसतं, पण ते पडद्यावर कुठल्या कोपऱ्यात आहे हे कळत नाही आणि माणूस स्वतःच्या मशीनवर शोधत बसतो. क्लिकच्या अर्धा सेकंद आधी झूम पूर्ण झालेला असतो. जवळ जायला पाऊण सेकंद, आणि तिथे कमीत कमी तीन सेकंद मुक्काम. एक गंमत या विषयात हमखास होते: तुम्ही डावीकडच्या सेलवर झूम करून बसता आणि `Data Validation` ची खिडकी उघडते पडद्याच्या मधोमध, म्हणजे चौकटीबाहेर. म्हणून खिडकी उघडण्याआधी मागे यायचं, ती दिसू द्यायची आणि मग `Source` च्या रकान्याकडे जायचं. प्रत्येक क्लिकमागे धावणारा आपोआप झूम मी बंदच ठेवते. त्यात पाहणाऱ्याचा पाळणा होतो.

झूम केल्यावर अक्षरं धूसर होतात, त्याचं कारण साधं आहे. 1920×1080 चं रेकॉर्डिंग दीडपट मोठं केलं की उरतात 1280×720 ठिपके, आणि तेच ताणून पूर्ण पडदा भरला जातो. मी 2560×1440 मध्ये रेकॉर्ड करते आणि 1920×1080 मध्ये काढते, म्हणजे सव्वापटीच्या थोडं पुढे जाईपर्यंत धार तशीच राहते. मोठा मॉनिटर नसेल तर रेकॉर्ड करण्याआधी एक्सेलचाच झूम 150 टक्के करून ठेवा. एडिटरमधल्या झूमची निम्मी गरज तिथेच संपते. मेनू आणि खिडक्या मात्र त्याने मोठ्या होत नाहीत, तेवढ्यांसाठी एडिटरमध्येच जवळ जावं लागतं.

कर्सरचं काम शेवटी, पण त्याचा निर्णय सुरुवातीला घ्यावा लागतो. कॅमटेशियासारखी साधनं कर्सरची नोंद चित्रापासून वेगळी ठेवतात, त्यामुळे तो नंतर मोठा करता येतो, त्याला गोल लावता येतो. ओबीएसमध्ये कर्सर चित्रातच मुरतो आणि मग नंतर गोल चिकटवणं म्हणजे एकेक फ्रेम हलवत बसणं. ओबीएस वापरत असाल तर विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे साधन घेऊन त्यातलं `Mouse Highlighter` चालू करा. `Win+Shift+H` दाबलं की प्रत्येक क्लिकवर गोल उमटतो. मात्र तो गोल पडद्यावर वेगळ्या थरात असतो. ओबीएसमध्ये `Window Capture` निवडलंत तर तुम्हाला दिसेल, रेकॉर्डिंगमध्ये येणार नाही. `Display Capture` घ्या. मी असं पूर्ण एक रेकॉर्डिंग गमावलंय.

गोल फिका ठेवा, इतका की खालचं अक्षर वाचता येईल. आणि बोलताना हातातला माउस सोडून द्या. आपल्या कर्सरला शब्दागणिक गिरक्या घ्यायची सवय असते, आणि पिवळा गोल लावला की ती सवय दुप्पट दिसते. तुमच्या व्हिडिओत गरगरण्याचा अर्धा वाटा त्याचाच असणार, असा माझा अंदाज. आवाज बंद करून फोनच्या छोट्या पडद्यावर एकदा पाहा, म्हणजे कळेल.