तुम्ही विचारलंत म्हणून: रिअ‍ॅक्टरला आवरतं कोण?

"न्यूट्रॉन शोषून घेणारा कंट्रोल रॉड अचानक उडून बाहेर आला तर रिअ‍ॅक्टरला आवरणार कोण? ऑपरेटरला हात हलवायलाही वेळ मिळणार नाही."

इंधनच आवरतं. इंधनाच्या छोट्या गोळीत, म्हणजे पेलेटमध्ये, बहुतेक युरेनियम 238 असतं, आणि ते काही ठराविक एनर्जीचे न्यूट्रॉन अधाशासारखं गिळतं. गिळलेला न्यूट्रॉन साखळीतून बाद. ठळक उदाहरण 6.67 इलेक्ट्रॉन व्होल्टचं. वेगवान न्यूट्रॉन पाण्यात धडका खात मंदावतो, तेव्हा वाटेत हा सापळा येतो.

पेलेट तापलं की त्यातले अणू जास्त थरथरतात. मग ज्या न्यूट्रॉनची एनर्जी जराशी कमी आहे त्यालाही समोरून येणारा एखादा अणू भेटतो आणि दोघांचा मिळून वेग बरोबर जुळतो, म्हणजे गिळण्याच्या आलेखात 6.67 पाशी असलेलं टोकदार शिखर बुटकं होतं आणि पायथ्याशी पसरतं. इथे विद्यार्थी हमखास अडतात, कारण शिखराखालचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, मग गिळणं वाढलं कसं? तर थंड पेलेटमध्येसुद्धा अगदी 6.67 वाले न्यूट्रॉन वरच्या सालीतच संपतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्याही आत, आतल्या अणूंपर्यंत ते पोचतच नाहीत. शिखर बुटकं झालं तरी तिथून कोणी सुटत नाही, त्यामुळे तिथे तोटा शून्य. पण पायथ्याजवळचे, जे आधी आरपार निसटत होते, ते आता पकडले जातात. सगळा फायदा तिथला. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात.

आता तुमचा रॉड घेऊ, सोयीचे आकडे धरून. फिशननंतर जरा उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांचा वाटा लाखात 650, आणि रॉड उडाल्याने दर पिढीच्या न्यूट्रॉनांत भर पडली लाखात 780 ची. 650 हा उंबरठा, त्यापलीकडे साखळी उशिरा येणाऱ्यांची वाट न बघताच वाढते. म्हणजे 130 जास्त, पॉवर मिलिसेकंदांत उसळणार. इंधनाचा प्रत्येक अंश लाखात 2.6 परत खेचतो, म्हणजे 50 अंशांवर पॉवर चढायची थांबते आणि उतरताना अजून साधारण तेवढंच तापमान वाढतं. पाणी तापायची वाट बघायची गरज नाही, कारण फिशनचे तुकडे पेलेटमध्येच काही मायक्रॉनात थांबतात, उष्णता तिथेच तयार.

हे मला फार आवडतं, आणि ते नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत अर्कान्सासमध्ये सेफोर नावाची फास्ट रिअ‍ॅक्टर 1969 ते 1972 या काळात खास हेच तपासायला चालवली, मुद्दाम त्या उंबरठ्यापलीकडे ढकलली, आणि उसळी इंधनानेच मोडली.

पण रिअ‍ॅक्टर बंद होत नाही हां! 780 मधले 260 गेले, 520 उरलेच, शिवाय इंधन थंड झालं की गेलेलं परत येतं. बाकीचे रॉड खाली पडायला दोनेक सेकंद लागतात, तेवढा वेळ डॉप्लर मिळवून देतो. आणि चेर्नोबिलमध्येही डॉप्लर होताच, पण तिथे पाण्याची वाफ होताना पॉवर वाढायची, ती ओढ त्याच्यापेक्षा मोठी ठरली.