सात अंशांवर उकळणारं

भर उन्हाळ्यात आमच्या एसीच्या कूलिंग कॉइलवर बर्फ जमला आणि खोली मात्र तापलेलीच राहिली. मी समजलो, स्वारी जरा जास्तच जोरात आहे. मेकॅनिकनं झाकण उघडलं, बर्फ पाहिला आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय, साहेब."

गॅस कमी, तर बर्फ कसा?

मुळात त्याला गॅस म्हणणं अर्धंच खरं. अर्ध्या वाटेवर तो द्रव असतो, आणि सगळी करामत त्याच्या उकळण्यात आहे. आमच्या एसीत आर-३२ आहे. उघड्यावर तो उणे ५२ अंशांनाच उकळतो. पण दाब वाढवला की उकळबिंदूही चढतो. कॉइलमध्ये हवेच्या साधारण दहापट दाब असतो, तिथे तो सात अंशांच्या आसपास उकळतो. त्याच्या दृष्टीनं आमची तीस अंशांची खोली म्हणजे पेटती चूलच. खोलीतली उष्णता पिऊन त्याची वाफ होते.

ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो, थेट हवेच्या अठ्ठावीसपट दाबापर्यंत. त्या दाबाला ती पंचेचाळीस अंशांवरच द्रव व्हायला लागते, म्हणून बाहेरची अडतीस अंशांची हवाही तिला गारच. प्यायलेली उष्णता, वर कॉम्प्रेसरनं घातलेली, सगळी ती तिथे ओकून टाकते. मग बारीक नळीतून जाताना दाब पडतो, द्रव गार होतो आणि पुन्हा आत येतो. दीड टनाच्या एसीत सेकंदाला जेमतेम वीस ग्रॅम माल फिरतो. आत एकूण किलोभरच असतो, म्हणजे मिनिटाच्या आत सगळ्याची एक फेरी होते.

आता बर्फाचं कोडं सुटतं. गळतीमुळे कॉइलमधला दाब सातपटीवर आला की उकळबिंदू उणे पाचच्या आसपास जातो. पण द्रवच थोडा, तो कॉइलच्या तोंडाशीच उकळून संपतो. तेवढ्या भागावर हवेतला ओलावा गोठतो आणि पुढची सगळी नळी कोरडी, कोमट. आमचा बर्फ नेमका एका टोकालाच होता. फिल्टर तुंबूनही बर्फ धरतो म्हणा, पण तेव्हा वारा आधीच मंदावलेला असतो आणि बर्फ बहुधा कॉइलभर पसरतो. आमचा फिल्टर स्वच्छ होता. (त्या महिन्यापुरता.)

"दरवर्षी गॅस भरावा लागतो का?" मी विचारलं.

"संपत नाही हो तो. गळतो."

मग तो बाहेरच्या युनिटपाशी गेला. तांब्याच्या नळीच्या नटाखाली एक तेलकट डाग होता. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं, त्यामुळे गॅस सुटतो तिथे तेही पाझरतं. त्यानं साबणाचा फेस लावला. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग एक बुडबुडा सावकाश फुगू लागला.