पोकर सराव, सहावा आठवडा: किकर कधी खेळतो आणि कधी मरतो

या आठवड्यात बेटिंगला हात लावला नाही, फक्त शोडाउन वाचायचा सराव केला. होल्डेमचे दोन हात, म्हणजे प्रत्येकाचे दोन पत्ते, आणि दोघांचा सामायिक पाच पत्त्यांचा बोर्ड उघडा मांडायचा, कोण जिंकलं ते मोठ्याने सांगायचं आणि मग पाच-पाच पत्ते वेगळे काढून तपासायचं. पहिल्या दिवशी ४० पैकी ७ चुकले. हाताची क्रमवारी तर मला पाठच आहे (स्ट्रेट फ्लश, चार एकसारखे, फुल हाउस, फ्लश, स्ट्रेट, तीन एकसारखे, दोन जोड्या, एक जोडी, नुसता मोठा पत्ता), तरी सातही चुका एकाच जागी झाल्या: दोघांचा हात एकाच प्रकारचा होता तिथे.

सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं, ती म्हणजे सातपैकी उत्तम पाचच पत्ते मोजायचे, सहावा पत्ता कितीही भारी असला तरी तो नाहीच असं समजायचं. एका जोडीत दोन पत्ते गेले की किकरसाठी, म्हणजे हात सारखा असला की निकाल लावणाऱ्या बाजूच्या पत्त्यांसाठी, तीन जागा उरतात, तीन एकसारख्यांत दोन, दोन जोड्यांत एकच, आणि स्ट्रेट, फ्लश, फुल हाउस यांत पाचही पत्ते हातातच खपतात म्हणून किकरचा प्रश्नच येत नाही.

ज्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला तो डाव सांगतो. माझ्याकडे एक्का-नव्वी, समोर एक्का-छक्की, बोर्ड एक्का, राजा, राणी, सत्ती, चौकी, फ्लश कोणाचाच नाही. माझा हात एक्क्यांची जोडी, राजा, राणी, नव्वी. समोरच्याची पण एक्क्यांची जोडी, राजा, राणी, पण पाचवा पत्ता? मी छक्की म्हटलं आणि ते चूक होतं, कारण बोर्डावरची सत्ती छक्कीपेक्षा मोठी आहे, म्हणजे त्याची छक्की खेळतच नाही. पॉट, म्हणजे डावात जमलेले पैसे, तरी माझाच, नव्वी वि. सत्ती.

आता तोच बोर्ड ठेवा, फक्त सत्तीच्या जागी गुलाम आणा. दोघांचाही हात एक्का, एक्का, राजा, राणी, गुलाम! माझी नव्वी सहावी झाली, मेली, आणि पॉट अर्धा-अर्धा. मी मात्र "नव्वी मोठी, मी जिंकलो" म्हणून मोकळा झालो होतो. तेव्हापासून एका जोडीत मी आधी जोडीचा पत्ता सोडून बोर्डावर माझ्या किकरपेक्षा मोठे किती पत्ते आहेत ते बघतो, तीन असले की किकर गेला.

दोन जोड्यांत तर अजून गंमत आहे. बोर्ड राजा, राजा, अठ्ठी, अठ्ठी, राणी. एकाकडे पंजीची जोडी, दुसऱ्याकडे एक्का-तिर्री. बघताक्षणी वाटतं पंजीवाल्याच्या तीन जोड्या झाल्या, पण तीन जोड्या असा हातच पोकरमध्ये नाही, त्याचे पाच पत्ते राजे, अठ्ठ्या आणि बोर्डावरची राणी, दुसऱ्याचे राजे, अठ्ठ्या आणि एक्का, म्हणजे हातात जोडी नसलेला जिंकला. तेच पंजीऐवजी नव्वीची जोडी असती तर राजे आणि नव्व्या झाल्या असत्या आणि एक्का हरला असता, कारण दुसरी जोडी किकरच्या आधी बघतात.

पाचही पत्ते सारखे निघाले की पॉट वाटून टाकायचा, बास. इस्पिक मोठं की बदाम हे इथे बघायचंच नाही, रंगावरून बरोबरी सुटत नाही, आणि उरलेले दोन पत्ते तर अजिबात मोजायचे नाहीत. पॉट ५०५ असेल आणि सगळ्यात लहान चिप ५ ची असेल तर २५०-२५० आणि उरलेली एक चिप डीलर बटणाच्या डावीकडून मोजताना वाटेकऱ्यांपैकी जो पहिला येईल त्याला.

कोणी ऑल-इन, म्हणजे जवळचं सगळं लावून बसलेला, असला की मी अडखळायचो. समजा एकाचे ४० लागलेत, बाकी दोघांचे १००-१००. मुख्य पॉट तिघांच्या ४०-४० चा १२०, साइड पॉट बाकी दोघांच्या उरलेल्या ६०-६० चा १२०. ४० वाला आणि दुसरा बरोबरीत, तिसरा हरला. २४० चे दोन भाग करायचे नाहीत! मुख्य पॉटचे ६०-६०, आणि साइड पॉटमध्ये ४० वाल्याचा पैसाच नाही म्हणून ते १२० पूर्ण दुसऱ्याचे, म्हणजे त्याला १८०. प्रत्येक पॉट वेगळा सोडवायचा, आणि मी साइड पॉटपासून सुरुवात करतो म्हणजे गोंधळ होत नाही.

काल परत ४० मांडले, २ चुकले, दोन्ही वेळा बोर्डावर एकाच रंगाचे चार पत्ते होते. पुढच्या आठवड्यात फक्त तसलेच बोर्ड.