विहिरींच्या वहीचा तक्ता: १२.४० चं १२.४ होऊ नये म्हणून

कुठवर आलंय: दुसऱ्या वहीची ६४ पानं उतरवून झाली, त्यांतली ५१ पानं दोनदा तपासली. वही मांडवीकाठच्या खाजनांलगतच्या विहिरींची आहे. मे महिन्यात पाणी मचूळ होतं, पाऊस पडला की परत गोडं होतं. हा फरक क्लोराइड मोजून पाहायचा, म्हणून प्रत्येक विहिरीचे उन्हाळी आणि पावसाळी नमुने आहेत. मोजमाप नेहमीचंच: ५० मिली नमुना, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब, ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट, आणि पिवळा रंग विटकरीकडे झुकला की थांबायचं. रसायन सगळ्यांना पाठ आहे. वेळ जातोय तो आकडे तक्त्यात नेताना.

पहिला घोळ शून्याचा. वहीत टायटर १२.४० मिली लिहिलाय आणि तक्त्यात टाकल्याबरोबर तो 12.4 होतो. लिबरऑफिस आणि एक्सेल दोन्ही हेच करतात, कारण त्यांच्या लेखी दोन्ही एकच संख्या. ब्युरेट वाचणाऱ्याच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेघा आहेत आणि दोन रेघांमधलं अंतर आपण अर्ध्यापर्यंत अंदाजतो, म्हणजे वाचन ०.०५ पर्यंत जातं. १२.४० लिहिणाऱ्याने शेवटचं शून्य पाहून लिहिलंय. १२.४ वाचणाऱ्याला वाटेल की त्याने तिथवर पाहिलंच नाही.

त्यावर उपाय एकच, आणि तो टायपिंग सुरू करण्याआधीचा आहे. वाचनाचे सगळे स्तंभ निवडून `Format Cells` मध्ये `Text` करायचे, मगच पहिला आकडा टाकायचा. आकडे टाकून झाल्यावर `Text` केलं तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. दशांशानंतर दोन घरं दाखवायची सोय लावून शून्य ‘परत आणणं’ तर त्याहून वाईट. मग ज्या पानावर खरोखरच १२.४ लिहिलंय तेही 12.40 दिसतं आणि वाचणाऱ्याने न पाहिलेला अंक आपण त्याच्या नावावर घालतो. पहिल्या वहीत अशी तीन पानं सापडली. ती परत मूळ पानावरून करावी लागली.

फाइल साठवताना टॅबने वेगळे केलेले स्तंभ ठेवतो, स्वल्पविरामाने नाही. कारण पुढे येईल. उघडताना डबल-क्लिक करायचं नाही. आयात करायच्या खिडकीत प्रत्येक वाचन-स्तंभावर टिचकी मारून `Column type` ला `Text` द्यायचं. पायथनमध्ये उघडत असाल तर `dtype=str` विसरू नका, नाहीतर इतकं करून शेवटी शून्य जातंच.

आता स्वल्पविराम. वहीतली काही पानं पोर्तुगीज काळात शाळा शिकलेल्या हाताची आहेत. त्या वळणात दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम असतो, आणि हजाराला टिंब. द्रावण बनवल्याच्या नोंदीत ‘2,395 g’ आहे. आपली नजर ते दोन हजार तीनशे पंच्याण्णव वाचते आणि तक्ताही 2395 च करतो, काही कुरबुर न करता. खरं वजन २.३९५ ग्रॅम आहे. एक लिटरमध्ये ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट करायला एवढंच लागतं, म्हणून शंकेला जागा नाही. ‘12,75’ सारखं वाचन स्वल्पविरामाच्या सीएसव्हीत गेलं तर आणखी मजा: 12 एका घरात, 75 शेजारच्या घरात, आणि त्यापुढची सगळी ओळ एक घर सरकलेली. अशी सरकलेली ओळ निदान डोळ्याला दिसते. 2395 दिसत नाही. म्हणून त्या हाताच्या पानांवर आधी अक्षर ओळखून `hand` स्तंभात खूण करतो, आणि स्वल्पविराम बदलण्याचं काम माणूस करतो. फाइलभर एकदम बदल करायची सोय वापरत नाही, कारण तिथेच शेरा-स्तंभात खरेखुरे स्वल्पविरामही आहेत.

दुसरा हात देवनागरी आकडे लिहितो, आणि अधूनमधून त्याच ओळीत इंग्रजी. इथे नजर सगळ्यात जास्त फसते. घाईत लिहिलेला ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो आणि १ इंग्रजी 9 सारखा. पान २९ वरचं एक उदाहरण पूर्ण देतो. सुरुवात ०.६०, शेवट ‘18.25’ असा वाचला गेला, आणि वहीतच पुढे लिहिलेला टायटर १३.६५. आता १८.२५ मधून ०.६० वजा केले तर १७.६५ येतात. १४.२५ मधून वजा केले तर नेमके १३.६५. म्हणजे तो आठ नव्हता, चार होता. १ ऐवजी 9 वाचलं गेलं तर बहुतेक वेळा ब्युरेटच सांगते: ५० मिलीच्या ब्युरेटवर ९४.७५ वाचन होऊच शकत नाही.

म्हणून वहीतला टायटर स्वतः काढून टाकायचा नाही. तोही उतरवायचा, आणि वजाबाकी वेगळ्या स्तंभात करून दोन्ही ताडून पाहायच्या. या एका तपासणीत ६४ पानांतल्या बहुतेक चुका पकडल्या गेल्या. तिला एक आंधळी जागा आहे: सुरुवात आणि शेवट दोन्हीत चार ऐवजी आठ वाचला गेला, तर वजाबाकी बरोबरच येते. तेव्हा मागची ओळ पाहायची. ब्युरेट परत भरली नसेल तर मागच्या नमुन्याचा शेवट हीच पुढच्याची सुरुवात असते.

वजाबाकी तक्त्यात केली तर शून्य परत गळतं. पायथनचं `Decimal` ते राखतं:

```python
from decimal import Decimal as D
D("12.75") - D("0.35")   # Decimal('12.40')
12.75 - 0.35             # 12.4
```

देवनागरी आकडेही ते तसेच घेतं, `D("१२.७५")` चालतं. पण त्यावर सगळं सोपवू नका. बेरीज-वजाबाकीत `Decimal` दशांशस्थानं नीट धरतं, गुणाकारात सार्थ अंकांचा त्याला पत्ता नसतो. तिथे आपणच पाहायचं.

तेही एकदा करून दाखवतो. विहीर क्रमांक ७, मे महिना: टायटर १२.४०, ब्लँक ०.२०, म्हणजे खरा वापर १२.२० मिली. सूत्र असं:

```
Cl (mg/L) = (A - B) x N x 35450 / V
          = 12.20 x 0.0141 x 35450 / 50
          = 121.96218
```

वहीत नॉर्मॅलिटी ०.०१४१ एवढीच आहे, म्हणजे तीन सार्थ अंक. उत्तर १२२ मिग्रॅ/लि. तक्त्यात 121.96 ठेवणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. तीच विहीर जुलैमध्ये: टायटर ०.९०, ब्लँक तोच ०.२०. उरले ०.७०, आणि यात सार्थ अंक दोनच. गणकयंत्र 6.99783 दाखवतं, आपण ७.० लिहायचं. इथे शून्य गळून ०.७ झालं असतं तर उत्तरही नुसतं ७ लिहावं लागलं असतं. पावसाळी वाचनं मुळातच लहान असल्यामुळे शून्याचा फटका त्यांनाच जास्त बसतो. मधल्या पायऱ्यांत आकडा छाटायचा नाही, फक्त शेवटी.

सूत्रातल्या ५० बद्दल बराच वाद झाला. वहीत ‘50’ लिहिलंय, पण नमुना ५० मिलीच्या पिपेटने घेतलाय, म्हणजे आकडा ५०.० पेक्षाही नेमका आहे. मग तक्त्यात 50.0 लिहावं का? आमचं मत: नाही. वाचन-स्तंभात वहीत आहे तेच जातं. पिपेट होती ही माहिती `tool` नावाच्या वेगळ्या स्तंभात जाते, आणि हिशेब करणारा ती पाहून सार्थ अंक ठरवतो. सध्याच्या दोन ओळी अशा दिसतात:

```
page  well  start_mL  end_mL  titre_mL  blank_mL  sample_mL  tool
37    W07   0.35      12.75   12.40     0.20      50         pipette
52    W07   0.10      1.00    0.90      0.20      50         pipette
```

एकक शीर्षकात, घरात नुसता आकडा. घरात ‘12.40 ml’ लिहिलं की ते घर हिशेबाला निकामी. विद्युतवाहकतेला मात्र हा नियम पुरत नाही, कारण मीटर स्वतःच एकक बदलतो. १९९९ मायक्रोसीमेन्स/सेंमी पर्यंत तो मायक्रोत दाखवतो, त्यापुढे २.०४ मिलीसीमेन्स/सेंमी. सगळं एका एककात आणायला 2040 लिहिलं की तीन अंकांचं वाचन चार अंकांचं दिसायला लागतं. म्हणून तिथे दोन स्तंभ: `ec_raw` मध्ये `2.04` आणि `ec_unit` मध्ये `mS/cm`. रूपांतर वेगळ्या फाइलीत, `2.04E3` असं, तेही `Text` म्हणून. मायक्रोचं चिन्हही वापरत नाही, `uS/cm` लिहितो. संगणकात ते चिन्ह दोन वेगवेगळ्या संकेतांनी येतं, दिसायला तंतोतंत सारखं. मग गाळणी लावली की अर्ध्या ओळी गायब होतात आणि कारण सापडत नाही.

दोघांनी वेगवेगळं टाइप करून ताडायचं हे सुरूच आहे. `=EXACT(A2;B2)` तेव्हाच कामाचं जेव्हा दोन्ही घरं मजकूर आहेत. संख्या असतील तर 12.4 आणि 12.40 ला तो `TRUE` म्हणतो, आणि नेमकी हीच चूक आपण शोधत असतो. शेवटच्या अंकांची मोजणीही करून पाहा. आपल्या ब्युरेटच्या वाचनांत शेवटी ० किंवा ५ च यायला हवा. पान ४४ वर शेवटी ३ आला होता. तो देवनागरी ५ निघाला, वरचा गोल अर्धवट उठलेला.

उरलेलं: तेरा पानांची दुसरी तपासणी, आणि पान ५८ वरची चार वाचनं, जिथे शाई पसरून टिंब पुसलंय. तिथे शेवट ‘1?05’ असा दिसतो. टायटर लिहिलेला नाही आणि पुढच्या नमुन्याआधी ब्युरेट भरली होती, त्यामुळे मागून-पुढून आधार नाही. ती घरं रिकामी ठेवून शेऱ्यात `illegible` लिहिलंय. शून्य टाकलेलं नाही.