शेवटच्या पाचांचा हिशेब

मैत्रिणीने हाफ मॅरेथॉनची पोस्ट टाकली. २१.१ किलोमीटर, २ तास ३२ मिनिटं. खाली अभिनंदनांचा पाऊस. त्यात तिच्यासोबत येळ्ळूरच्या रस्त्यावर पळणाऱ्या मावशींची एक कमेंट: "पहिले पाच ३६ मिनिटांत, पंधरा ते वीसही ३६ मिनिटांत! सुरुवातीला सगळे पुढं जाताना स्वतःला आवरलीस की गं. ते अवघड."

दिवसभर तेच डोक्यात आहे.

सुरुवातीला पाय ताजे असतात, गर्दी ओढते. पहिले पाच ३२ मिनिटांत सहज जातात. पण जास्त वेगात स्नायूंमधली साखर भराभर खर्च होते, आणि पंधरानंतर तोच किलोमीटर मिनिटभराने लांबतो. एकूण वेळेवरून हे कळत नाही, पाच-पाच किलोमीटरच्या वेळा बघाव्या लागतात. अर्थात शेवटी उतार असेल तर हा हिशेब फसवा. मावशींनी म्हणे रस्ता सपाट होता ना, हे आधी विचारून घेतलं होतं.

मैत्रिणीने सगळ्यांना हात जोडलेली इमोजी दिली. मावशींना मात्र लांबलचक उत्तर लिहिलं, राजहंसगडाच्या चढावर केलेल्या सरावाबद्दल.

तुमच्या धावण्याकडे असं कुणी बारकाईने बघितलंय का?