‘कुठलंही काम चालेल’ एवढं लिहू नका

शिरगावच्या फिशरीज कॉलेजातून माझ्यानंतर बाहेर पडलेल्या एका मुलीचा परवा निरोप आला. नवऱ्याला कॅनडात हॅलिफॅक्सला नोकरी लागली आहे, तीही सोबत येणार आहे. "ताई, तिकडे काही असेल तर बघा ना. कुठलंही काम चालेल, मेहनतीत कमी पडणार नाही." कोकणातून असे निरोप मला अधूनमधून येतात, आणि दरवेळी मी त्या मधल्या वाक्याशी अडते.

ते वाक्य कुठून येतं ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे कुणाकडे शब्द टाकायचा तर अमुकच द्या असं म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. आपण नम्रपणे उभं राहायचं आणि काय द्यायचं ते मोठ्या माणसानं ठरवायचं. तो ठरवतोही. मला रत्नागिरीत पहिली नोकरी अशीच लागली. कारखान्याला बर्फ पुरवणाऱ्या, वडिलांच्या ओळखीच्या काकांनी मॅनेजरला सांगितलं, "आमच्या वाडीतली पोर आहे, फिशरीज झालीय, बघा जरा." पुढचं मॅनेजरनं पाहिलं. याला कुणी वशिला म्हणालं तर मला आजही लागतं. काकांनी स्वतःची पत माझ्यामागे उभी केली होती, आणि मी नीट काम केलं नसतं तर मिरकरवाड्यावर ऐकून घ्यायची वेळ त्यांच्यावर आली असती.

पण काका हे करू शकले ते त्यांना दोन्ही बाजू माहीत होत्या म्हणून. मला फ्रॉक घालायच्या वयापासून ओळखत होते, आणि त्या कारखान्यात कोणता माणूस सोडून चाललाय हेही त्यांच्या कानावर होतं. इथे, नोव्हा स्कोशियात, मला ओळखणारा माणूस मला फार तर एका प्रशिक्षणातल्या जेवणाच्या सुट्टीइतकाच ओळखतो. त्याला मदत करायची असते, पण ‘कुठलंही काम’ घेऊन तो कुणाकडे जाणार? मासे सोलायच्या लाइनवर माणसं हवी असतात, शीतगृहात हवी असतात, गुणवत्ता विभागात हवी असतात, आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचा माणूस वेगळा असतो. नेमकं न सांगणाऱ्याचा निरोप तो पुढे पाठवत नाही. विसरतो असंही नाही, त्याला पाठवायला काही सापडतच नाही.

हे मला स्पष्ट सांगितलं ते एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईंनी. आमची ओळख जेमतेम होती. मी मदत मागितली तेव्हा त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं: आनंदानं करते, पण मला तशाच्या तशा पुढे पाठवता येतील अशा पाच-सहा ओळी दे, आणि त्या कुणापर्यंत पोचाव्यात तेही सांग. त्या ओळी लिहायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. मूळ इंग्रजीत आहेत, मराठीत साधारण अशा:

"मी मे महिन्यापासून हॅलिफॅक्समध्ये राहते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, युरोपला निर्यात करणाऱ्या मासळी कारखान्यात आठ वर्षं गुणवत्ता विभागात काम केलं, त्यातली शेवटची तीन हॅसॅप गटाची प्रमुख म्हणून. शिजवून गोठवलेल्या कोळंबीच्या लाइनवर लिस्टेरियाची स्वॅब-तपासणी मी आखली आणि चालवली. मी क्वालिटी अश्युरन्स टेक्निशियन किंवा फूड सेफ्टी कोऑर्डिनेटर या जागा शोधते आहे, लॉबस्टर किंवा खेकडा शिजवणाऱ्या कारखान्यात, रात्रपाळीसुद्धा चालेल. माझ्याकडे ओपन वर्क परमिट आहे, एलएमआयए लागणार नाही. अशा कारखान्यातल्या गुणवत्ता व्यवस्थापकाशी वीस मिनिटं बोलता आलं तर मोठी मदत होईल."

यातल्या परमिटच्या ओळीनं सगळ्यात जास्त काम केलं असं मला वाटतं. बाहेरच्या देशातलं नाव दिसलं की इथल्या मालकाच्या मनात पहिली शंका कागदपत्रांची येते. परदेशी माणूस घ्यायचा तर बऱ्याचदा मालकाला आधी सरकारकडून एलएमआयए काढावी लागते, म्हणजे ही जागा भरायला इथला माणूस मिळत नाही असं पटवून द्यावं लागतं. त्यात वेळ जातो, पैसा जातो. ओपन वर्क परमिट असेल तर यातलं काहीच नको, पण ते तुम्ही लिहिलं नाही तर समोरचा विचारत बसत नाही, निरोप बाजूला ठेवतो. परमिटची मुदत लांबची असेल तर तीही लिहा. फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, यातलं काही बायोडेटात घालू नका.

कौशल्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या मुली तिथेच मागे राहतात. माझ्या आठ वर्षांत सगळ्यात अभिमानाचं काम बांगड्याचं. बांगडा थंड ठेवला नाही तर त्यात खाणाऱ्याला बाधणारं हिस्टामाइन तयार होतं, आणि ते नंतर शिजवून किंवा गोठवून जात नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे एका लॉटचे नऊ नमुने तपासायचे. सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर जायला नको, १०० ते २०० च्या मधे फार तर दोन नमुने चालतात आणि २०० च्या पुढे एकही नाही. लॉट नापास झाला तर सगळा कंटेनर अडकतो. बोटीवरच्या बर्फापासून कारखान्यापर्यंतचं तापमान सांभाळणं ही आपल्या उन्हाळ्यात काय गोष्ट आहे ते इथल्या कुणाला सांगून कळायचं नाही. आणि ‘भारतातला मासळी कारखाना’ म्हटल्यावर काहींच्या डोळ्यांसमोर उघड्यावरची सुकी मासळी येते, हे त्यांच्या प्रश्नांवरून मला समजतं आणि टोचतं. निर्यात तपासणीवाले अचानक आले की आमच्याकडे काय धावपळ व्हायची ते मी पाहिलेलं आहे.

तरीही त्या पाच ओळींत बांगडा नाही. लॉबस्टरचं मांस शिजवून, काढून, गोठवून विकतात आणि गिऱ्हाईक ते पुन्हा न शिजवता खातं. त्यामुळे या कारखान्यांची भीती हिस्टामाइनची नाही, लिस्टेरियाची आहे. हा जिवाणू थंडीतही वाढतो, गटाराच्या जाळीत आणि कन्व्हेअरच्या खालच्या बाजूला घर करतो, धुतल्यावरही उरतो, आणि शिजवल्यानंतरच्या मालाला परत लागतो. माझी शिजवलेली कोळंबी त्यांच्या शिजवलेल्या लॉबस्टरच्या जवळची, म्हणून तीच पुढे केली. कारखान्याची झोप कशानं उडते ते आधी शोधा, आपल्या अनुभवातला तेवढाच तुकडा लिहा. बाकीचा मुलाखतीत सांगायला मिळतो. मी बांगड्याचं तिथे भरपूर सांगितलं.

पदाचं नावही असंच. भारतात निर्यात तपासणीच्या व्यवस्थेत मान्यताप्राप्त टेक्नॉलॉजिस्ट असतो, आणि आपल्याला त्या नावाचा मान असतो. इथल्या फूड सेफ्टीच्या नियमांत, जे १५ जानेवारी २०१९ पासून लागू झाले, सगळा भार परवानाधारकाच्या लेखी प्रतिबंधक नियंत्रण आराखड्यावर आहे, आणि तो आराखडा चालवणारी माणसं टेक्निशियन, कोऑर्डिनेटर, मॅनेजर या नावांची असतात. गटप्रमुख होते तरी मी टेक्निशियनची जागा मागितली. आईला हे पटलेलं नाही. "एवढं शिकून खाली कशाला उतरायचं गो?" असं ती फोनवर विचारते. मी तिला सांगते की इथल्या कारखान्याचा एक हंगाम हाताखालून गेल्याशिवाय मला त्याचा आराखडा लिहिता येणार नाही, आणि तो हंगाम पगार घेऊन पाहता येत असेल तर त्यात कमीपणा नाही. माझं यावर ठाम मत आहे.

मागायचं कुणाकडे, हेही ठरवून करा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली बोस्टनजवळच्या न्यूटनमधल्या नोकरदारांबद्दल मांडलं होतं की ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी ज्यांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार गाठ पडायची ते १७ टक्क्यांच्या आसपासच होते. बाकी सगळ्यांना खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून आली. कारण सरळ आहे: आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. इथल्या मराठी मंडळींनी मला जेवायला बोलावलं, गणपतीत मोदक खायला घातले, आणि त्या ऋणातून मी मोकळी होणार नाही, पण त्यांच्यातलं कुणी मासळीत नाही. आमच्या धंद्यात उपयोगी पडतात ती कारखान्या-कारखान्यांतून फिरणारी माणसं, म्हणजे प्रयोगशाळेचे लोक, साफसफाईची रसायनं विकणाऱ्यांचे तांत्रिक प्रतिनिधी, शीतकरण यंत्रं दुरुस्त करणारे. कुठली जागा रिकामी होते आहे हे त्यांना जाहिरातीच्या आधी कळतं. सीएफआयए या इथल्या सरकारी अन्नतपासणी संस्थेच्या निरीक्षकाकडे मात्र शब्द टाकू नका. तो ज्यांना तपासतो त्यांच्याकडे तुमचं नाव नेणं त्याला शोभणारं नाही, आणि तुमच्याबद्दलही मत वाईट होतं. प्रमाणपत्र देणाऱ्या ऑडिटरलाही गोपनीयता पाळावी लागते.

त्या बाईंनी माझ्या ओळी लगेच कुणाला देऊन टाकल्या नाहीत. आधी गुणवत्ता व्यवस्थापकाला विचारलं, अशी एक बाई आहे, तिची गाठ घालून देऊ का. त्यांचा होकार आल्यावरच आम्हा दोघांना एका मेलमध्ये आणलं. यात चार दिवस गेले आणि मला ते फार लांब वाटले, पण ही पद्धत मला आता मनापासून आवडते. समोरच्यावर भीड पडत नाही, त्यामुळे तो बोलतो तेव्हा खरंच बोलायला तयार असतो. रत्नागिरीत लोक आमच्या घरी आईकडे बायोडेटा ठेवून जातात आणि ती बिचारी आठवडाभर काळजीत असते, कुणाला काय सांगू म्हणून. कृपा करून तसं करू नका. गाठ घालून दिली की त्याच दिवशी उत्तर द्या, भेटीच्या दोन-तीन वेळा सुचवा, आणि बोलणं झाल्यावर काय झालं ते गाठ घालून देणाऱ्याला दोन ओळींत कळवा.

उत्तरांवरूनही पुष्कळ कळतं. "कुठल्या प्रकारचं काम?" असा प्रश्न आला तर तुमच्या ओळींत पद नाही. "बायोडेटा पाठवा, ठेवून घेतो" हा बहुतेक सभ्य नकार असतो. "स्वॅब कुठून घ्यायचात?" असं कुणी विचारलं तर तो माणूस तुम्हाला आपल्या कारखान्यात उभं करून बघतो आहे. मला हाच प्रश्न आला, आणि हंगामाआधी मी रात्रपाळीला रुजू झाले.

वेळही साधायला हवी. नैऋत्य नोव्हा स्कोशियात लॉबस्टरचा हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि ३१ मेपर्यंत चालतो. एकदा बोटी सुटल्या की गुणवत्ता विभागाला मेल उघडायलाही सवड नसते. आपल्याकडे जून-जुलैच्या बंदीत कारखान्यांत निवांत बोलता येतं, तसे इथले दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे. म्हणून शिरगावच्या ज्या मुली इकडे येणार आहेत त्यांनी ऑगस्टअखेर मला लिहावं: शहर, परमिटचा प्रकार, हवी ती जागा, केलेल्या कामातला एक नेमका तुकडा, आणि कुणाशी बोलायचं आहे ते. मी आधी समोरच्याला विचारीन, त्याला चार-पाच दिवस लागतील, आणि नकार आला तर तोही कळवीन.