दोन फोटो, एकच बाळ आणि पिवळा बल्ब

माझं बाळ अडीच दिवसांचं होतं, तेव्हा एका रात्री पाठोपाठ काढलेले त्याचे दोन फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले. एकात तो चांगला गुलाबी दिसत होता. दुसऱ्यात चेहरा केशरट आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. सासूबाईंनी पहिला बघून "रंग छान उजळलाय" असं लिहिलं, आणि नवऱ्याने मुंबईहून दुसरा बघून थेट फोनच लावला. मोबाईल तोच, खोलीही तीच. यातलं खरं काय, बाळाला कावीळ आहे की नाही, हे मला त्याला उराशी धरून बसूनही सांगता येत नव्हतं.

माझं माहेर गुहागरजवळ. बाळंतिणीची खोली माजघरामागची, एका खिडकीची, आणि जुलैच्या पावसात तीही बंद. भिंतींना फिकट पिवळा रंग, वर पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब. बाळाला गुंडाळलं होतं हळदी रंगाच्या दुपट्यात. गुलाबी दिसणारा फोटो मी अगदी जवळून काढलेला, चौकटीत फक्त चेहरा आणि दुपटं. दुसरा दारातून काढलेला, मागे ओटीवरची पांढरी ट्यूबलाईट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिसऱ्या दिवशी त्यांची घरभेट ठरलेली असते. मी फोटो पुढे केले, तर त्या म्हणाल्या, "फोटो ऱ्हाऊ दे, बाळाला पडवीत आण." पडवीत पाऊस लागणार नाही अशा जागी, ढगाळ पण स्वच्छ उजेडात त्यांनी त्याच्या कपाळावर बोट टेकवून हलकंच दाबलं आणि उचललं. दाबलेल्या जागचं रक्त क्षणभर बाजूला सरतं आणि कातडीचा मूळ रंग उघडा पडतो. तो पिवळा होता. मग छातीच्या मधल्या हाडावर, मग पोटावर, मग मांडीवर. पोटापर्यंत पिवळं, मांडीवर फारसं नाही. मग हिरड्या बघितल्या, डोळे उघडायची वाट बघितली. आमच्याकडे तेल-हळद लावलेल्या हातांनी बाळाला घेतात, कातडीवर थोडा रंग चढू शकतो. पण डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला हळद लागत नाही, म्हणून डोळे बघायचेच.

त्यांनी तिथूनच चिपळूणच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना फोन लावला. डॉक्टरांनी फोटो मागितलाच नाही. बाळ किती तासांचं, किती आठवड्यांचं, दूध कसं ओढतंय, शी-शू किती वेळा, एवढंच विचारलं आणि सांगितलं, "आजच आणा, रक्त बघू."

फोटोंचा उलगडा नंतर डॉक्टरांनीच केला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तांबड्या पेशी फुटल्या की बिलीरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. नवजात बाळाचं यकृत ते पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाही, म्हणून ते कातडीत आणि डोळ्यांत साठतं. हे द्रव्य उजेडातला निळा भाग शोषून घेतं. कातडीवरून परत येणाऱ्या उजेडात निळं कमी पडलं की आपल्याला पिवळं दिसतं. आता पिवळ्या बल्बच्या उजेडात मुळातच निळं थोडं असतं. कावीळ असलेली कातडी ते थोडंसं खाते, नसलेली खात नाही, पण फरक इतका बारीक उरतो की डोळ्याला कळत नाही. खोलीतलं सगळंच पिवळं, त्यात बाळही पिवळं, आणि आपली नजर त्या उजेडाला सरावलेली.

मोबाईल यावर आणखी एक थर चढवतो. उजेड कोणत्या रंगाचा आहे याचा तो स्वतःच अंदाज बांधतो आणि तेवढा रंग फोटोतून वजा करतो, पांढरं पांढरं दिसावं म्हणून. माझ्या जवळच्या फोटोत पिवळं दुपटं, पिवळा उजेड आणि पिवळा चेहरा सोडून काहीच नव्हतं. मोबाईलने हे सगळं पिवळं दिव्याचं धरलं आणि काढून टाकलं, त्याबरोबर काविळीचंही गेलं. दारातून काढलेल्या फोटोत त्याने मागच्या ट्यूबलाईटला पांढरं मानलं, त्यामुळे बल्बखालचं बाळ होतं त्याहून केशरी निघालं. म्हणजे दोन्ही फोटो खोटे होते, आणि त्यातला धीर देणारा जास्त घातक. चेहरा उजळ करणारी सोय मोबाईलमध्ये चालू असेल तर आणखीच पंचाईत.

फोटो पाठवावाच लागला, तर डॉक्टरांनी सांगितलेली रीत अशी. दिवसा, दिवे बंद करून, दारातल्या उजेडात काढायचा, थेट उन्हात नाही. हिरव्यागार माडा-पोफळींच्या किंवा रंगीत भिंतीच्या अगदी जवळ नको, कारण तो रंग बाळाच्या अंगावर पडतो. गालाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवायचा. फोटोत कागदच पिवळट किंवा निळट दिसला तर त्या फोटोतल्या कातडीवर विश्वास ठेवायचा नाही. आणि कागद पांढरा आला तरी फोटोतून आकडा कळत नाही. अनुभवी डॉक्टरांची नजरसुद्धा आकड्याच्या बाबतीत चुकते, सावळ्या कातडीवर तर अधिकच.

आकडा टाचेतून घेतलेल्या रक्ताने दिला. बाळ तेव्हा ८० तासांचं होतं, बिलीरुबिन दर डेसिलिटरला १९.१ मिलिग्रॅम. हा आकडा एकटा वाचत नाहीत. जन्मापासूनचे तास आणि गर्भाचे आठवडे यांच्या तक्त्यावर तो मांडतात. माझं बाळ ३७ आठवड्यांचं, त्यामुळे त्याच्यासाठी उपचाराची रेषा चाळीस आठवड्यांच्या बाळापेक्षा खाली. तो रेषेच्या वर होता. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला असता तर डॉक्टर तक्त्याच्याही आधी आई-बाळाच्या रक्तगटाच्या मागे लागल्या असत्या. आमचे गट जुळत होते. वजन मात्र २७०० ग्रॅमवरून २४६० वर आलं होतं. दूध कमी पोटात गेलं की शी कमी होते, आणि आतड्यात उतरलेलं बिलीरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. आमच्या बाबतीत मूळ कारण तेच निघालं.

त्याला निळ्या लाईटखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, दर दोन-अडीच तासांनी दूध. ज्या निळ्या उजेडाला बिलीरुबिन शोषतं, साधारण ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा, तोच इथे औषध. त्याने बिलीरुबिनचा आकार बदलतो आणि यकृताने त्यावर प्रक्रिया न करताच ते शी-शूवाटे बाहेर जातं. आईने कोवळ्या उन्हाचं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "काकू, उन्हाचं माप घेता येत नाही. बाळ भाजतं नाहीतर गारठतं, आणि तपासणी लांबते."

दुसऱ्या दिवशी बाळ एकदम गोरंपान दिसायला लागलं, घरात सगळे निर्धास्त झाले. डॉक्टरांनी रंग बघितलाच नाही. लाईटखालच्या कातडीतलं बिलीरुबिन आधी उतरतं, रक्तातलं मागे राहतं, म्हणून उपचार सुरू झाल्यावर कातडीवरून काही ठरवायचं नसतं. रक्त पुन्हा तपासलं, १३.२ आलं, मग लाईट बंद केली. बंद केल्यावर आकडा परत चढू शकतो, त्यासाठी दुसऱ्या दिवशी आणखी एकदा टाच टोचली. तो चढला नव्हता.

घरी जाताना लक्ष ठेवायच्या गोष्टी सांगितल्या: दुधासाठी उठवूनही न उठणं, अंग ढिलं पडणं किंवा मागे ताणणं, कर्कश रडणं, यांपैकी काही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे राहिले, शू गडद झाली किंवा शी पांढरट झाली, तर ती वेगळी कावीळ असू शकते आणि तिची तपासणी वेगळी. शीचा रंगही दिवसाच्या उजेडातच बघायचा, असं आशाताईंनी दारात बजावलं, आणि माजघरामागच्या खोलीतला तो बल्ब आईने त्याच संध्याकाळी बदलला.